एक मिलिग्रॅमची सिगरेट आणि छापखान्यातलं भिंग

हे रुग्ण सिगरेट सोडवण्यासाठी पहिल्यांदा दवाखान्यात आले तेव्हा मी केसपेपरवर लिहिलं होतं: "लाइट सिगरेट, टार १ मिग्रॅ, दिवसाला १७-१८. व्यसन मध्यम." या ओळीतला रोजच्या सिगरेटींचा आकडा तेवढा बरोबर होता. बाकीचं मी पाकिटावरून आणि त्यांच्या तोंडून जसंच्या तसं उतरवून घेतलं होतं, आणि त्या ओळीवरूनच औषध ठरवलं होतं. औषध चौथ्या दिवशी फसलं. ते का फसलं हे शोधताना जे हाती आलं ते इथे मांडते आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

वय ४७. राहायला चिंचवड, काम भोसरीत. ऑफसेट छपाईचा छोटा कारखाना, त्यात औषधांचे, साबणांचे, चहाचे खोके छापले जातात. पंचविशीपासून सिगरेट. आधी साधी, दिवसाला दहा-अकरा. सात वर्षांपूर्वी थोरल्या भावाची अँजिओप्लास्टी झाली तेव्हा घाबरून त्यांनी "लाइट" धरली. टपरीवाल्यानेच सुचवली होती: "दादा, ही घ्या, हिच्यात काही नसतं." त्या काळात ते सुटी सिगरेट घ्यायचे, त्यामुळे पाकीट कधी हातात आलंच नाही. टपरीवाला म्हणेल तेच त्यांचं लेबल होतं. (महाराष्ट्रात सुट्या सिगरेटी-विड्या विकायला सप्टेंबर २०२० पासून बंदी आहे. ती बंदी टपरीवर किती दिसते हे पुणेकरांना सांगायला नको.) दोन वर्षांपूर्वी ते आणखी एक पायरी उतरले. टपरीवर आडून मिळणारं एक परदेशी पाकीट, पांढऱ्यावर फिकट निळी रेघ, बाजूला बारीक अक्षरात टार १ मिग्रॅ. आपल्याकडे पाकिटाच्या ८५ टक्के जागेवर छापावं लागणारं इशाऱ्याचं चित्र त्यावर नव्हतं. म्हणजे तो माल चोरवाटेने आलेला होता, हे त्यांनाही कळत होतं.

आमच्याकडे त्यांना त्यांच्या पत्नीने आणलं. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की खरं तर गरजच नाही. "मॅडम, ही नुसती हवा आहे हो. घशाला लागतसुद्धा नाही. आधीच्या सिगरेटचा बारावा भाग आहे हिच्यात. अशी बारा ओढली तर जुनी एक होते."

हिशोब चोख होता, आणि मीही मनात थोडाफार तोच धरला होता. म्हणून २ मिग्रॅचं निकोटिन गम दिलं, दिवसाला पाच-सहा. चौथ्या दिवशी त्यांचा फोन: डोकं ठणकतंय, प्रेसमध्ये दोन माणसांवर ओरडलो, सकाळी सातलाच पाकीट आणलं.

मग मी दुसऱ्या भेटीत जे पहिल्या भेटीत करायला हवं होतं ते केलं. सगळ्यात आधी श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजला. यंत्र साधं असतं: श्वास पंधरा सेकंद धरायचा आणि नळीत हळूहळू सोडायचा. आकडा आला २३ पीपीएम. न ओढणाऱ्या माणसात तो बहुधा पाच-सहाच्या खाली राहतो. शेवटच्या सिगरेटला तास उलटून गेला होता. हा वायू रक्तातून निम्मा व्हायला साधारण चार-पाच तास लागतात, म्हणजे आकडा काही नुकत्याच मारलेल्या झुरक्याचा नव्हता. त्यांच्या पत्नीने पिशवीतून जुनी फाइल काढली. कारखानदारांच्या आरोग्य शिबिरात पूर्वी एकदा हेच यंत्र फुंकलं होतं. तेव्हा ते साधी सिगरेट ओढत होते, दिवसाला अकरा, आणि आकडा होता १९.

दोन वेगळ्या दिवशी, वेगळ्या यंत्रांवर घेतलेल्या आकड्यांची तुलना फार ताणू नये. १९ आणि २३ यांत फरक आहे असंसुद्धा मी म्हणणार नाही. पण बारावा भाग ओढणाऱ्या माणसाचा आकडा बाराव्या भागाच्या आसपासही नव्हता, एवढं मात्र कागदावर दिसत होतं.

ते कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग पाकिटावर लिहिलंय ते खोटं आहे?"

खोटं नाही, आणि गंमत इथेच आहे. तो आकडा खरोखर मोजलेला असतो, फक्त माणसावर नव्हे, यंत्रावर. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९६७ मध्ये ही पद्धत ठरवली, आणि आंतरराष्ट्रीय मानकातली पद्धतही जवळपास तशीच आहे. सिगरेट यंत्राच्या तोंडात बसवतात. यंत्र दर मिनिटाला एक झुरका घेतं, दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा. मधल्या अठ्ठावन्न सेकंदांत सिगरेट आपली आपण जळत राहते. ठरलेल्या खुणेपर्यंत थोटूक उरलं की यंत्र थांबतं. मधल्या गाळणीवर जो थर बसतो त्याच्या वजनातून पाणी आणि निकोटिन वजा केलं की उरतं ते टार. टार म्हणून सिगरेटमध्ये वेगळा पदार्थ घातलेला नसतो. तो जळल्यावरच तयार होतो आणि किती होणार ते कसं जाळलं यावर ठरतं. ही पद्धत सिगरेटींची आपसात तुलना करण्यासाठी आहे, एखादा माणूस किती ओढेल हे तिच्यातून कळत नाही, असं खुद्द कमिशनलाही सुरुवातीपासून मान्य होतं. पुढे २००८ मध्ये कमिशनने या पद्धतीवरचा आपला शिक्का काढूनही घेतला. तोवर तो आकडा चार दशकं जाहिरातींत फिरून आला होता.

यंत्राला तलफ येत नाही. पुढचं सगळं या एका फरकातून निघतं.

मी त्यांना दोन कामं दिली. एक, दिवसभराची थोटकं फेकायची नाहीत, डबीत जमा करायची. दुसरं काम पत्नीला: सकाळच्या पहिल्या सिगरेटचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा, पण यांना कळू न देता. दवाखान्यात कुणी ओढून दाखवलं तर तो दाखवण्यापुरता ओढतो. खरी सवय घरच्या गॅलरीतच दिसते.

तिसऱ्या भेटीला ते डबीबरोबर आणखी एक वस्तू घेऊन आले. छपाईवाल्यांकडे रंगाचे ठिपके तपासायला एक छोटं भिंग असतं, कागदावर ठेवून डोळा लावायचा. ते त्यांच्या खिशात कायम असतं. मी फिल्टरभोवतीच्या भोकांबद्दल बोलले होते आणि त्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. "मी रोज कागद बघतो. भोकं असती तर मला दिसली असती."

एक न ओढलेली सिगरेट घेतली. फिल्टरवरचा तो कागद, ज्याला टिपिंग पेपर म्हणतात, ब्लेडने उभा चिरून सोडवला आणि खिडकीकडे धरला. उजेडात ठिपक्यांच्या ओळी उमटल्या. भिंग लावल्यावर तर त्यांना एकेक भोक मोजता येत होतं. ते दोनदा बघून म्हणाले, "पर्फोरेशन आहे हे. लाइन एकदम सरळ." मग खिशातून स्टीलची पट्टी काढून ओठाकडच्या टोकापासून अंतर मोजलं. साडेबारा मिलिमीटर.

सगळ्या "लाइट" प्रकाराचं मर्म या ओळीत आहे. झुरका घेतला की धुराबरोबर या भोकांतून बाहेरची हवाही आत येते आणि धूर पातळ होतो. तंबाखू बहुतेक वेळा तीच असते. सिगरेट साधी असो की लाइट, तिच्या तंबाखूत साधारण दहा मिलिग्रॅमच्या पुढेमागे निकोटिन असतंच, आणि माणूस त्यातलं एक-दीड मिलिग्रॅम उचलतो. म्हणजे साठा सगळ्यांत सारखाच, नळ तेवढा वेगवेगळा सोडलेला. एक मिलिग्रॅमवाल्या सिगरेटमध्ये झुरक्यातला साधारण ८० टक्के भाग हवेचा असू शकतो. त्यांचं "नुसती हवा आहे" हे म्हणणं यंत्राच्या बाबतीत अगदी खरं होतं.

आता व्हिडिओ. गॅलरी, चहाचा कप, वर्तमानपत्र. पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून काढलेला, त्यामुळे अर्धा वेळ कुंडीच दिसते. पण मोजता आलं. पाच मिनिटं दहा सेकंदांत तेरा झुरके, म्हणजे दोन झुरक्यांत सरासरी चोवीस-पंचवीस सेकंद. पहिले तीन तर लागोपाठ, मध्ये दहा-बारा सेकंदही नाहीत. प्रत्येक झुरक्यानंतर धूर आत धरलेला. आणि वर्तमानपत्राचं पान उलटताना दोन्ही हात लागतात म्हणून सिगरेट ओठांत, चांगली आत घेतलेली. साडेबारा मिलिमीटरवरची ती ओळ तेव्हा ओठांखाली जाते. हातात धरतानाही त्यांची बोटं फिल्टरच्या मध्यावर नसतात, पार टोकाशी, नेमकी भोकांवर असतात.

मी कागदावर हिशोब मांडला. तो इथे तसाच देते, पण एक अट सांगून: झुरक्याचं आकारमान दवाखान्यात मोजता येत नाही, त्याला प्रयोगशाळेतलं उपकरण लागतं. माणसांवर केलेल्या मोजमापांत झुरका बहुधा ३५ मिलिलिटरपेक्षा बराच मोठा निघतो, म्हणून मी ५० धरला.

यंत्र: ३५ मिलिलिटरच्या झुरक्यात ८० टक्के हवा, म्हणजे जळत्या टोकातून ओढला गेलेला धूर फक्त ७ मिलिलिटर. असे आठ झुरके धरले तर ५६ मिलिलिटर.

ते: ५० मिलिलिटरचा झुरका. भोकं पूर्ण नाही, काही झाकली गेली आणि हवेचा वाटा ८० वरून ५० टक्क्यांवर आला असं धरू. म्हणजे झुरक्यामागे २५ मिलिलिटर धूर. तेरा झुरके: ३२५ मिलिलिटर.

५६ कुठे आणि ३२५ कुठे. जवळजवळ सहापट, एकाच सिगरेटमधून. भोकं पूर्ण झाकली असती तर साडेअकरापट. टार या प्रमाणातच तंतोतंत वाढतं असं नाही, कारण जोरात ओढल्यावर जळण्याचं तापमान आणि फिल्टरची पकड दोन्ही बदलतात. तरी दिशा हीच. कॅनडाच्या आरोग्य खात्याने यासाठी यंत्राला वेगळा, कडक नियम घालून दिला: झुरका ५५ मिलिलिटरचा, दर अर्ध्या मिनिटाला, आणि भोकं टेपने पूर्ण बंद. या पद्धतीने मोजलं की एक मिलिग्रॅमची सिगरेट एक मिलिग्रॅमची राहत नाही, कित्येक पटींनी वर जाते, आणि साध्या नि लाइटमधलं अंतर आक्रसतं.

आणखी एक बारीक गोष्ट या हिशोबातून त्यांच्याच लक्षात आली. यंत्र दोन झुरक्यांच्या मध्ये थांबतं तेव्हा सिगरेट नुसती जळून वाया जाते. हे तसं जळूच देत नाहीत. त्याच तंबाखूतला मोठा हिस्सा राख होण्याआधी यांच्या छातीतून जातो.

असं माणूस मुद्दाम करत नाही. रक्तातलं निकोटिन एका पातळीच्या खाली आलं की अस्वस्थता सुरू होते, आणि ती थांबेपर्यंत शरीर ओढत राहतं. चहा पातळ झाला की दोन कप लागतात, तसंच. याला भरपाईचं ओढणं म्हणतात: झुरका मोठा, झुरके जास्त, धूर खोल, भोकं झाकलेली, किंवा सिगरेटीच जास्त. यांच्याकडे पाचही होत्या. अकरावरून सतरा-अठरावर गेल्या, पण "हलकी आहे" म्हणून ती वाढ कधी वाढ वाटलीच नाही. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात १९८३ मध्ये बेनोवित्झ आणि सहकाऱ्यांनी हेच रक्तावरून दाखवलं. निष्कर्ष पक्का आहे: कमी आकड्याची सिगरेट ओढणाऱ्यांच्या रक्तात कोटिनिन, म्हणजे निकोटिन मोडून तयार होणारा पदार्थ, आकड्याप्रमाणे कमी आढळला नाही.

थोटकांची डबी आम्ही शेवटी उघडली. इतर डॉक्टरांसाठी ही डबी मला सगळ्यात उपयोगाची वाटते, कारण तिला खर्च शून्य आहे. फिल्टरचं ओठाकडचं टोक समोरून बघायचं. भोकं उघडी असतील तर कडेने हवा येते, म्हणून डाग मध्यभागी गडद आणि भोवती फिकट कडं, चांदमारीच्या फळ्यासारखा. भोकं झाकली गेली असतील तर डाग कडेपर्यंत एकसारखा पसरतो. कोझलोव्स्की या संशोधकाने १९८० मध्येच ही खूण दाखवून दिली होती. यांच्या सतरा थोटकांपैकी अकरांवर डाग पूर्ण पसरलेला होता. सहांवर फिकट कडं शिल्लक होतं. ती कुठली ते त्यांना आठवलं: दुचाकीवर सिग्नलला आणि मशीनशेजारी उभं राहून ओढलेली, सिगरेट दोन बोटांच्या चिमटीत पुढे धरून.

पण ही खूण एकतर्फी आहे. पसरलेला डाग दिसला तर भोकं झाकली हे कळतं. फिकट कडं दिसलं म्हणजे माणूस कमी ओढतो असा अर्थ काढू नये, कारण बरेच लोक भोकांना हातही न लावता केवळ मोठा झुरका घेऊन भरपाई करतात. जरा कमी हवा असलेल्या मधल्या "लाइट" प्रकारांत तर मुख्य मार्ग तोच असतो.

"घशाला लागत नाही" याचं उत्तरही भोकांतच आहे. हवा मिसळल्याने धूर थंड आणि मऊ होतो. घसा म्हणजे काही मापक नव्हे. त्याला तिखटपणा कळतो, फुप्फुसात पोचलेलं वजन कळत नाही. उलट मऊ धूर खोल ओढता येतो. फुप्फुसाच्या कडेच्या भागात होणारा अ‍ॅडिनोकार्सिनोमा हा कर्करोग सिगरेट ओढणाऱ्यांत गेल्या काही दशकांत वाढला, आणि १९५० नंतर सिगरेटच्या घडणीत झालेले बदल त्याला कारण आहेत, असं अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २०१४ च्या अहवालाने म्हटलं. नेमका कुठला बदल, हे तिथे ठामपणे सांगितलेलं नाही. भोकांचे फिल्टर आणि तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही घातक रसायनं या दोघांवर संशय आहे. फुप्फुसाच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंबद्दल मात्र २००४ मध्ये लाखो अमेरिकनांच्या पाहणीतून स्पष्ट आकडे आले: मध्यम, कमी आणि अतिकमी टारच्या सिगरेटी ओढणाऱ्यांत धोका सारखाच होता. फक्त बिनफिल्टरच्या, जास्त टारवाल्या सिगरेटींचा त्याहून जास्त.

आणि हे गृहस्थ तर हृदयाच्या भीतीने लाइटकडे आले होते. तिथे गणित आणखी वाकडं आहे. धूर निम्मा केला म्हणून हृदयाचा धोका निम्मा होत नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात दिसलं की दिवसाला एकच सिगरेट ओढणाऱ्याचा हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या निम्म्याच्या जवळपास असतो. म्हणजे त्यांचा "बारावा भाग" खरा असता तरी भावाच्या वाटेवरून ते फारसे बाजूला झाले नसते.

भोकांचं पटल्यावर ते पाकिटाकडे वळले, आणि तिथे मला शिकवायला काही उरलं नाही. त्यांनी पाकीट उलटंसुलटं केलं, भिंग लावलं आणि हसले. "मॅडम, हे तर आमचंच काम. साबणावर 'माइल्ड' लिहायचं असेल तर पार्टी सांगते, ग्राउंड पांढरा ठेवा, निळा वीस टक्क्यांच्या वर नको. शब्द नाही लिहिला तरी चालतो. गिऱ्हाईक रंग वाचतं."

कायद्याची अडचण त्यांनी एका वाक्यात सांगितली. आपल्याकडे २००८ च्या पाकीट आणि लेबलच्या नियमांत लाइट, अल्ट्रा लाइट, माइल्ड, लो टार, स्लिम असे शब्द नावानिशी मना केले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या तंबाखू नियंत्रण कराराचं अकरावं कलमही तेच सांगतं, आणि भारताने त्यावर २००४ मध्ये मोहोर उठवली आहे. शब्द गेला. टपरीवर मात्र आजही "एक लाइट दे" म्हटलं की योग्य तीच सिगरेट हातात येते, कारण आता त्या शब्दाचं काम पांढरा, चंदेरी, फिकट निळा रंग करतो. अमेरिकेत जून २०१० मध्ये हे शब्द बंद झाले तेव्हा मार्लबोरो लाइट्सची मार्लबोरो गोल्ड झाली. बदलाआधी पाकिटांवर सूचना होती की पाकीट बदलतंय, सिगरेट तीच राहील, पुढे सोनेरी पाकीट मागा. त्याआधी २००६ मध्ये न्यायाधीश ग्लॅडिस केसलर यांनी आपल्या प्रदीर्घ निकालात नोंदवलं होतं की लाइट सिगरेटींचा आरोग्याला फायदा नाही हे कंपन्यांना ठाऊक होतं आणि तरी तसा आभास त्यांनी विकला. युरोपने पुढे पाकिटावरचे टार-निकोटिनचे आकडे छापणंच थांबवलं, कारण खरा आकडासुद्धा दिशाभूल करतो.

"मग रंगाचं काय करणार?" त्यांनी विचारलं. मी ऑस्ट्रेलियाचं सांगितलं: डिसेंबर २०१२ पासून तिथे सगळी पाकिटं एकाच मळकट शेवाळी-तपकिरी रंगात, पँटोन ४४८ सी. त्यांनी मोबाइलवर तो रंग काढून बघितला. "हा रंग माझ्याकडे आजवर एकाही पार्टीने मागितला नाही," म्हणाले.

औषध नव्याने ठरवलं. या वेळी पाकीट बाजूला ठेवून प्रश्न विचारले. उठल्यावर किती मिनिटांत पहिली? चहा उकळेपर्यंत, म्हणजे पाचच्या आत. आजारी असतानाही ओढता? कोविडमध्येसुद्धा. कुठली सोडणं सगळ्यात कठीण? सकाळची. सकाळी जास्त ओढता? हो. फागरस्ट्रॉमची सहा प्रश्नांची जी चाचणी आहे तिच्यात दहापैकी सात गुण झाले, म्हणजे व्यसन तीव्र. त्या चाचणीत सिगरेट लाइट आहे का हा प्रश्न नाहीच. मी तो स्वतःच मनाने जोडला होता आणि गुण कमी केले होते.

आता २१ मिग्रॅचा पॅच सहा आठवडे, पुढे दोन-दोन आठवडे १४ आणि ७ चा. शिवाय तलफ आली की ४ मिग्रॅचं गम, जे चिठ्ठीवर मिळतं. पहिल्या वेळी गम फसण्याला आणखी एक कारण होतं आणि ते पुण्यात वारंवार भेटतं: ते गम चघळत अमृततुल्यमध्ये चहा घेत होते. चहा-कॉफीने तोंड आम्लधर्मी होतं आणि गममधलं निकोटिन गालातून शोषलं जात नाही, गिळलं जातं. मग उचक्या येतात, मळमळतं, तलफ तशीच राहते. चहानंतर पंधरा मिनिटं थांबायचं. थोडं चघळायचं, झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचं, त्या ओसरल्या की पुन्हा चघळायचं.

"आधी याहून हलकी शोधतो, मग बंद करतो" हा प्रस्ताव त्यांनी एकदा मांडून बघितला. सात वर्षं तेच चाललं होतं, असं पत्नी म्हणाल्या. मला वेगळं काही बोलावं लागलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात आकडा ४ पीपीएमवर आला. तिसऱ्या आठवड्यात मात्र त्यांचा चिडलेला फोन: खोकला सुरू झाला, सकाळी कफ पडतो. "ओढत होतो तेव्हा घसा स्वच्छ होता, मॅडम. सोडल्यावर बिघडलो." असं काही जणांना होतं. धुराने निपचित पडलेले श्वासनलिकेतले बारीक केस पुन्हा हलू लागतात आणि साठलेला कफ वर ढकलतात. काही आठवड्यांत ते ओसरतं. पण खोकला लांबला, कफात रक्त दिसलं किंवा वजन उतरलं तर हे कारण धरून बसायचं नाही, छातीचा एक्स-रे काढायचा, असंही त्यांना बजावलं. एक्स-रे मी तसाही काढून घेतला होता, स्वच्छ होता. फुंकून करायच्या तपासणीत मात्र श्वासनलिका आखडल्याची सौम्य खूण दिसली. बावीस वर्षांचा हिशोब होता तो, आणि त्यात लाइटची सात वर्षंही धरलेली होती.

दहाव्या आठवड्यात साताऱ्याला एका लग्नात त्यांनी तीन सिगरेटी ओढल्या. परत येऊन स्वतःच सांगितलं. सोबत त्या तिन्हींची थोटकंही आणली होती, रुमालात गुंडाळून. तिन्हींवर डाग कडेपर्यंत पसरलेला. पाचव्या महिन्यात आकडा २ होता.

माझ्या केसपेपरवर आता "ब्रँड" या रकान्यापुढे मी पाकिटावरचा आकडा लिहित नाही. तिथे उठल्यावर पहिली सिगरेट किती मिनिटांत, ते लिहिते. आणि टेबलाच्या खणात एक भिंग आहे, भोसरीहून आलेलं. ठिपके तपासायला त्यांना नवं घ्यावं लागलं.